साक्षीदार फितूर झाला तर तुरुंगात जातो का?

प्रश्न: काकांनी पोलिसांना दिलेला जबाब कोर्टात फिरवला, तर त्यांना शिक्षा होईल का?

उत्तर: नुसत्या तेवढ्यावरून होत नाही. पोलिसांपुढचा जबाब शपथेवर नसतो, त्यावर सहीही घेत नाहीत. सरकारी वकील काकांना ‘फितूर’ जाहीर करून त्यांचीच उलटतपासणी घेतील. मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर जबाब झाला असेल, तर मात्र जपा. जाणूनबुजून खोटी साक्ष दिल्याबद्दल न्याय संहितेच्या कलम 229 खाली 7 वर्षांपर्यंत कैद आहे. खटला सहसा कोर्टाच्या तक्रारीवरूनच उभा राहतो, म्हणून असे खटले कमीच. बेस्ट बेकरी प्रकरणात वारंवार साक्ष फिरवणाऱ्या झहिरा शेखला सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये एक वर्ष कैद दिली, तीसुद्धा न्यायालयाच्या अवमानाबद्दल. काकांवर दबाव असेल तर आधी न्यायाधीशांना सांगा.