सोसायटीतलं ध्वजारोहण : दोरीची गाठ, मुलांचे कार्यक्रम आणि जिलेबी

प्रश्न : नाशिकला आमची ६० फ्लॅटची सोसायटी आहे. यंदा १५ ऑगस्टचं सगळं माझ्याकडे आलंय. मागच्या वेळी झेंडा वर जाऊन उघडलाच नाही, भाषणं लांबली आणि जिलेबी मऊ पडली. नीट कसं करायचं?

उत्तर : झेंडा उघडला नाही याचं कारण बहुतेक वेळा दोरीत आणि गाठीत असतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

सोसायटीचा खांब साधारण २० फुटांचा धरू. त्याला ४५ फूट दोरी लागते आणि १३५० बाय ९०० मिलिमीटर मापाचा झेंडा शोभतो. ध्वजसंहितेत मापं ठरलेली आहेत आणि लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ असतं. दोरी सुती घेऊ नका. आपल्याकडे ऑगस्टच्या मध्यावर रिपरिप चालूच असते. सुती दोरी भिजली की फुगते आणि गाठ आवळून बसते. विणलेली पॉलिस्टरची, ६ ते ८ मिलिमीटर जाडीची दोरी चांगली. खांबावरची कप्पी वर्षभर उन्हापावसात राहून गंजते, त्यामुळे आठवडाभर आधी शिडी लावून तिला तेल द्या. दोरी कप्पीच्या खोबणीत सैल बसते ना, तेही पाहा. दोरी बारीक आणि खोबण झिजलेली असेल तर दोरी बाजूच्या फटीत शिरते, आणि मग खालून कितीही ओढा, हलत नाही.

आता बांधणी. झेंड्याच्या कडेला जाड पांढऱ्या कापडाची नळी शिवलेली असते आणि तिच्यातून आखूड दोरी गेलेली असते. जिकडे लाकडी गुल्ली ती केशरी बाजू, म्हणजे वरची. खांबाच्या दोरीच्या एका टोकाला फासा करून त्यात ही गुल्ली अडकवा. दुसरं टोक हिरव्या बाजूच्या दोरीला पक्कं बांधा. असं केलं की झेंडा उलटा जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

घडी स्वच्छ टेबलावर, दोघांनी मिळून घाला, कारण झेंडा जमिनीला लागता कामा नये. आधी लांबीच्या दिशेने दोनदा दुमडून पट्टी करा, मग मोकळ्या टोकाकडून नळीकडे चुण्या घालत या. शेवटच्या दोन-तीन चुण्यांमध्ये पाकळ्या ठेवा. घडीत पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची हरकत नाही, पण दोन मुठींपेक्षा जास्त नकोत, आणि अख्खी फुलं तर नकोतच. सराफ बाजाराजवळून पहाटे आणलेला झेंडू ओला असतो. त्याच्या पाकळ्या कापडाला चिकटतात आणि पांढऱ्या पट्ट्यावर पिवळे डाग पडतात. आदल्या संध्याकाळी पाकळ्या सोडवून वर्तमानपत्रावर पसरून ठेवा.

आता खरी गोम. हिरव्या टोकाला बांधलेल्या दोरीचाच थोडा भाग घडीभोवती दोनदा गुंडाळा. मग दोरी दुमडून तो दुमडलेला फासा त्या वेढ्यांखाली सरकवा. दोरीचं टोक आरपार ओवायचं नाही. ओवलं की ती कायमची गाठ होते, आणि झटका दिला की सुटायच्या ऐवजी घट्ट होते. मागच्या वेळी बहुधा हेच झालं असणार. झेंडा वर चढवणाऱ्या दोरीला लाल चिकटपट्टी लावा. चढवताना तीच ओढायची आणि दुसरी सैल ठेवायची, नाहीतर घडी अर्ध्या वाटेत उघडते. वर पोचल्यावर लाल पट्टीची दोरी खांबाच्या खुंटीला आठच्या आकड्यासारखी गुंडाळून घट्ट करा आणि मगच पाहुण्यांच्या हातात दुसरी दोरी द्या. त्यांनी एकच, ठाम झटका द्यायचा. आदल्या संध्याकाळी हे दोनदा करून पाहा, एकदा दोरी मुद्दाम भिजवून.

तरीही अडकला तर झटके देत राहू नका. राष्ट्रगीत सुरू व्हायच्या आत झेंडा सावकाश खाली घ्या, हाताने उघडा आणि उघडाच भरभर वर न्या. त्यात काही कमीपणा नाही. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर झेंडा खालून वर चढवतात, घडीतून उघडण्याची रीत २६ जानेवारीची. माझं मत विचाराल तर यंदा उघडाच झेंडा चढवा आणि पाकळ्या मुलांच्या हातात द्या. अडकण्याचं कारणच उरत नाही.

खांबाला हार घालायची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते, ती बंद करा. ध्वजस्तंभावर फुलं किंवा हार ठेवायला ध्वजसंहितेत मनाई आहे. त्याच खांबावर दुसरा कुठलाही झेंडाही नको. रांगोळी खाली, कट्ट्याभोवती काढा.

राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं आहे. ते लोकांनी गावं, रेकॉर्डवर सोडू नये असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी सूर लावणारी एक व्यक्ती आधी ठरवा. माइक फक्त तिच्यापुढे. ती झेंडा पूर्ण उघडलेला पाहूनच सुरू करेल. मुलांच्या नाचाची सगळी गाणी एकाच फोनमध्ये क्रमाने भरा आणि तो फोन फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर ऐन नाचात कुणाचा तरी कॉल येतो.

वेळ शाळांना विचारून ठरवा. बहुतेक मुलं सकाळी आधी शाळेत जातात आणि मुख्य सरकारी ध्वजारोहण नऊच्या सुमारास असतं, म्हणून सोसायटीत साडेनऊ-पावणेदहा सोयीचं पडतं. राष्ट्रगीतानंतर लगेच सर्वांत लहान मुलं, मग मोठी, आणि भाषण मुलांच्या मध्ये. शेवटी ठेवलं की आईबाप मुलांना घेऊन निघून जातात. भाषणं दोनच, चार-चार मिनिटांची, आणि त्यातलं एक आठवी-नववीतल्या मुलीचं किंवा मुलाचं असू द्या. विषय नाशिकचाच द्या : १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह, किंवा डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडून पुढच्या एप्रिलमध्ये फाशी गेलेले अनंत कान्हेरे. मुलं आपल्याच गावातली जागा ओळखतात आणि ऐकतात. पाऊस आला तर नाच पार्किंगमध्ये. तिथल्या दोन गाड्यांची जागा आदल्या रात्रीच मोकळी करून ठेवा.

खाऊचं गणित असं : ६० फ्लॅट म्हणजे साधारण १५० माणसं येतील, शिवाय वॉचमन, सफाईवाले, माळीकाका मिळून १५. माणशी ७५ ग्रॅम धरली तर साडेबारा किलो जिलेबी पुरते. ती गरम असताना झाकणाच्या डब्यात भरली की वाफ धरते आणि मऊ पडते. तुमच्याकडे तेच झालं. उघड्या परातीत आणा आणि कागदी प्लेटमध्ये वाढा. पाकिटंच हवी असतील तर बुंदीचा लाडू घ्या. ४० ग्रॅमचा एक धरला तर सात किलोत १७५ लाडू होतात, आणि ते दुसऱ्या दिवशीही चांगले राहतात. मुलांना खाऊ कार्यक्रम संपल्यावरच द्या, चिकट हातांनी छोटे कागदी झेंडे खराब होतात. ते झेंडे परत गोळा करायला दारापाशी एक खोकं ठेवा. प्लास्टिकचे आणूच नका.

झेंडा संध्याकाळी उतरवायचं काम एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो रात्रीही फडकत ठेवता येतो, पण पावसाळी वाऱ्यात टोकाची शिवण उसवते. उतरवताना सावकाश उतरवा. ओला असेल तर सावलीत पूर्ण वाळवून मगच घडी घालून कपाटात ठेवा, नाहीतर २६ जानेवारीला बुरशीचे ठिपके दिसतील.