स्क्रीनशॉटवरून रन रेट आणि रिक्वायर्ड रेट कसा काढायचा?

प्रश्न: ग्रुपवर स्कोअरचा स्क्रीनशॉट आला. ११२/४ (१३.४), टार्गेट १६८, मॅच २० ओव्हरची. कॅल्क्युलेटरवर ११२ ला १३.४ ने भागलं तर ८.३६ येतं, पण अ‍ॅपवर ८.२० दिसतं. कुणाचं बरोबर?

उत्तर: अ‍ॅपचं बरोबर आहे. १३.४ मधला तो टिंब दशांशाचा नाही. १३ ओव्हर पूर्ण झाल्या आणि चौदावीचे ४ बॉल पडले, एवढंच तो सांगतो. ओव्हर सहा बॉलची, म्हणून ४ बॉल म्हणजे ०.६७ ओव्हर, ०.४ नव्हे.

नाशिकला गोल्फ क्लब मैदानावर आमच्या मॅचेसचं स्कोअरिंग करताना मी ओव्हरने भागायच्या भानगडीत पडतच नाही, सगळं बॉलमध्ये करतो. १३ गुणिले ६ म्हणजे ७८, त्यात ४ मिळवले की ८२ बॉल. मग ११२ × ६ ÷ ८२ = ८.२०.

रिक्वायर्ड रेटही तसाच. १६८ मधून ११२ गेले, ५६ हवेत. १२० मधून ८२ बॉल गेले, ३८ उरले. ५६ × ६ ÷ ३८ = ८.८४. तुमच्या पद्धतीने २० मधून १३.४ वजा केलं तर ६.६ ओव्हर उरतात आणि रेट ८.४८ येतो. इथेच चूक पकडता येते, कारण टिंबानंतर ६ येऊच शकत नाही. सहावा बॉल पडला की ओव्हर पूर्ण होते. खरं तर उरल्यात ६.२.

फरक लहान वाटतो, पण चित्रच बदलतं. तुमच्या आकड्यांनी ८.३६ आणि ८.४८, म्हणजे बॅटिंगवाले जवळपास बरोबरीत. खरे आकडे ८.२० आणि ८.८४, म्हणजे ते मागे पडलेत. पुढचा एकच बॉल डॉट गेला तर ३७ बॉलमध्ये ५६, रेट थेट ९.०८.

स्क्रीनशॉटमध्ये आणखी दोन गोष्टी बघा. एक, तिथे टार्गेट लिहिलंय की पहिल्या टीमचा स्कोअर? नुसता १६७ दिसत असेल तर जिंकायला एक रन जास्त लागतो. दुसरं, खाली चालू ओव्हरचे गोल असतात ते मोजू नका. १३.४ ला पाच गोल दिसले तर त्यातला एक वाइड किंवा नो बॉल असणार: रन मिळतो, बॉल धरत नाहीत. कंसातल्या ओव्हरमध्ये हा हिशोब आधीच झालेला असतो. आणि पावसाने ओव्हर कापल्या असतील तर १२० ऐवजी नव्या ओव्हरचे बॉल धरा, टार्गेटही बदललेलंच घ्या.