‘तूच लिहून आण, मी सही करतो’

*सर, मी मंगरूळपीर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत तीन वर्षांपासून सोयाबीनचं संकलन केंद्र सांभाळते. आता नागपूरच्या एका धान्य खरेदी कंपनीत निवड होत आली आहे आणि ते शिफारसपत्र मागतात. आमचे मॅनेजर भाऊ म्हणाले, “तूच लिहून आण, मी सही करतो.” मी ‘मेहनती, प्रामाणिक, आज्ञाधारक’ एवढं लिहिलं आणि अडकले. यंदा तेल कारखान्यात आमच्या गाड्यांना ओलाव्यापोटी होणारी कपात, म्हणजे कट, कमी लागला, ते लिहू का?*
*– एक वाचक, जि. वाशिम*

तेच लिहायचं आहे, आणि जवळपास तेवढंच. ते तीन शब्द खोडा. गावातल्या प्रत्येक पत्रात ते असतात, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यांवर थांबतच नाही. पद, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख हे सगळं अनुभव प्रमाणपत्रात येतं. ते वेगळं मागून घ्या. शिफारसपत्रात वरिष्ठाने डोळ्यांनी पाहिलेलं काम यायला हवं.

पत्र मात्र तुम्ही लिहू नका. तुमच्या अर्जाची आणि पत्राची भाषा सारखी निघाली तर ते लगेच कळतं. त्याऐवजी भाऊंना अर्ध्या पानाचं टिपण द्या आणि पत्र त्यांच्याच शब्दांत येऊ द्या. टिपणासाठी दोन हंगामांच्या काटापावत्या आणि कारखान्याच्या कटाच्या पावत्या काढून बसा.

समजा, आधीच्या हंगामात २८ गाड्या गेल्या आणि ९ गाड्यांना ओलाव्यापोटी कट लागला. यंदा ३२ पैकी ३ गाड्यांना लागला. आकडा छान आहे, पण धान्य खरेदीतला माणूस पहिला प्रश्न विचारेल की यंदा काढणीच्या वेळी पाऊस कमी होता का? ऑक्टोबर कोरडा गेला असेल तर श्रेय उन्हाचं, तुमचं नाही. यावर एक साधा उपाय आहे. तुमच्याच कंपनीचं दुसरं केंद्र असेल तर त्याच्याही दोन्ही हंगामांच्या पावत्या पाहा. पाऊस दोन्ही गावांत साधारण सारखाच झाला असणार. तिथे आधीसारखाच यंदाही ३० पैकी ८ गाड्यांना कट लागला असेल तर फरक तुमच्या कामाचा म्हणता येतो. तिथेही कट तसाच घटला असेल तर हा दावा सोडा आणि पत्रासाठी तुम्ही केलेलं दुसरं एखादं काम शोधा.

मग आकड्यामागे तुम्ही नेमकं काय बदललं ते लिहा. पोत्याच्या तोंडाशी असलेल्या दाण्यांऐवजी आतले दाणे काढून ओलावा मोजायला लागलात का? १२ टक्क्यांवरचा माल परत पाठवलात की ताडपत्रीवर वाळवून घेतलात? शेतकऱ्याला मोजलेल्या ओलाव्याची चिठ्ठी दिलीत का? हमाल, चालक, काट्यावरचा मुलगा यांनी केलेलं काम त्यांच्याच नावावर राहू द्या. कल्पना भाऊंची असेल तर तसंच लिहा. ‘मी सांगितलं, तिने रुळवलं’ हेही पत्रात शोभून दिसतं.

एवढं हाताशी असलं की भाऊंचा परिच्छेद साधारण असा होईल:

“ही माझ्या हाताखाली तीन वर्षं संकलन केंद्र पाहत होती. आधीच्या हंगामात तिच्या केंद्राच्या २८ पैकी ९ गाड्यांना ओलाव्यापोटी कट लागला. यंदा तिने प्रत्येक पोत्यातला आतला नमुना मोजण्याची पद्धत बसवली आणि ओला माल केंद्रावरच वाळवून घेतला. तिच्या केंद्राच्या ३२ पैकी ३ गाड्यांनाच कट लागला, तर आमच्या दुसऱ्या केंद्रावर ३० पैकी ८ गाड्यांना. सुरुवातीला शेतकरी चिडत. ती त्यांच्यासमोर मोजून दाखवायची, आवाज न चढवता.”

शेवटचं वाक्य भाऊंनीच सुचवलेलं हवं. म्हणून टिपण देताना त्यांना विचारा, “भाऊ, तुम्हाला माझं कोणतं काम आठवते?” ते जे सांगतील ते बहुधा तुमच्या टिपणात नसेल, आणि तेच पत्रात सगळ्यांत भारी ठरेल.

कारखान्याचं नाव आणि मिळालेला भाव पत्रात घालू नका. नवी कंपनीही खरेदीदारच आहे आणि भाव हा तुमच्या जुन्या कंपनीचा धंदा आहे. पत्र एका पानात, कंपनीच्या लेटरहेडवर, भाऊंचं पद आणि फोन नंबर यांसह असावं. इंग्रजीत हवं असेल तर आधी मराठीत पक्कं करून मग भाषांतर करून घ्या आणि सहीआधी ते भाऊंना वाचून समजावून सांगा. नागपूरहून फोन आला आणि “हे ३२ पैकी ३ म्हणजे काय?” असं कुणी विचारलं, तर उत्तर भाऊंनाच द्यावं लागणार आहे. टिपणाची आणि पावत्यांची एक झेरॉक्स त्यांच्या टेबलाच्या खणात ठेवून या.