वडिलांनी घेतलेली मिळकत ‘वडिलोपार्जित’ का नव्हे?

‘वडिलांनी नोकरीत असताना स्वतःच्या पैशातून कळंब्यात २,००० चौरस फुटांचा प्लॉट घेतला. आम्ही दोन भाऊ, एक बहीण. वडिलांनी उपार्जित केलेली म्हणजे ती वडिलोपार्जितच झाली ना? मग आमचा हिस्सा आत्ता मागता येईल का?’

नाही. हा प्लॉट वडिलांचा स्वकष्टार्जित आहे. ते हयात असेपर्यंत त्यावर मुलाचाही हक्क नाही आणि मुलीचाही नाही. त्यांनी तो विकला, बक्षीसपत्राने एकालाच दिला किंवा मृत्युपत्राने परक्याच्या नावे केला, तरी मुलांना केवळ मुलं म्हणून तो व्यवहार अडवता येत नाही.

घोळ ‘वडील’ या शब्दाने होतो. आज आपण तो बापासाठी वापरतो, पण त्याचा मूळचा अर्थ वयाने मोठा असा आहे. वडील भाऊ, वडीलधारे, वाडवडील यांत तोच अर्थ टिकून आहे. वडिलोपार्जित म्हणजे वाडवडिलांनी मिळवलेलं. याज्ञवल्क्यस्मृतीत तर ‘पितामहोपात्ता’ असा नेमका शब्द आहे. आजोबांनी मिळवलेल्या जमिनीवर बाप आणि मुलगा यांचं स्वामित्व सारखं, असं तिथं सांगितलं आहे. या जुन्या नियमाप्रमाणे जन्माने मिळणारा हक्क आजोबांकडून आलेल्या मिळकतीत आहे, बापाने कमावलेल्या मिळकतीत नाही.

आता याच्याही पुढची पायरी बघा, कारण आपल्याकडच्या बऱ्याच वाटण्या तिथंच अडतात. समजा, करवीर तालुक्यातलं एक शेत तुमच्या आजोबांनी स्वतः विकत घेतलं होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर ते मृत्युपत्र न करता वारले आणि वारसनोंद होऊन वडिलांच्या वाट्याला एक तुकडा आला. बोलताना आपण त्याला वडिलोपार्जित शेतच म्हणू, आणि मराठी म्हणून त्यात चूक नाही. कायद्याचा अर्थ मात्र वेगळा आहे. कलम ८ प्रमाणे वारसाने आलेला असा हिस्सा वडिलांचा स्वतंत्र असतो, नातवंडांना त्यात जन्मतः हक्क मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली चंदर सेन यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. म्हणून ‘आजोबांची जमीन’ एवढ्यावर दावा उभा राहत नाही. आजोबांकडे ती कुठून आली आणि ते केव्हा वारले, हे जुने फेरफार काढून बघावं लागतं. पणजोबांपासून एकत्र कुटुंबात चालत आलेली, वाटणी न झालेली जमीन असेल, तर मुलांचा जन्मतः हिस्सा. त्यात २००५ च्या दुरुस्तीपासून मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार आहे. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हा निकाल २०२० साली विनीता शर्मा प्रकरणात लागला.

पुन्हा तुमच्या प्लॉटकडे येतो. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांची पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी असे चार सारखे वाटे होतील, प्रत्येकी ५०० चौरस फुटांचे. त्या वेळी वडिलांची आई, म्हणजे तुमची आजी हयात असेल, तर वाटे पाच आणि प्रत्येकाला ४०० चौरस फूट. हा आजीचा वाटा फार जण विसरतात. बहिणीचं लग्न झालेलं असलं तरी तिचा वाटा कमी होत नाही. हे सगळं हिंदू, जैन, बौद्ध आणि लिंगायत कुटुंबांना लागू आहे. मुस्लिम कुटुंबांत मुलांना जन्मतः हक्क कुठल्याच मिळकतीत नसतो, तिथला वारसाही वेगळा.

प्लॉटवर हक्क सांगण्याची एक वाट उरते ती पैशाची. तो घेताना एकत्र कुटुंबाची जमीन विकून आलेली रक्कम घातली असेल, तर प्लॉटलाही एकत्र मिळकतीचं रूप येऊ शकतं. पण कुटुंब एकत्र राहत होतं म्हणून मिळकतही एकत्र, असं कोर्ट धरून चालत नाही. प्लॉट घेण्याइतकं उत्पन्न त्या जमिनीतून येत होतं, किंवा तिच्या विक्रीचा पैसा खरेदीत गेला, हे दावा करणाऱ्याने आधी दाखवायचं असतं. वडिलांकडे पगाराच्या नोंदी आणि कर्जाचे हप्ते भरल्याच्या पावत्या असतील, तर हा मुद्दा टिकणं अवघड.

विक्रीच्या वेळी घेणारा मुलांच्याही ‘संमती देणार’ म्हणून सह्या मागतो. ती त्याने घेतलेली खबरदारी असते, तेवढ्याने हिस्सा तयार होत नाही. उलट सांभाळायचं ते कागदावरच्या शब्दाला. स्वतः घेतलेल्या प्लॉटच्या दस्तात सवयीने ‘आमची वडिलोपार्जित मिळकत’ असं लिहिलं जातं आणि वडील न वाचता सही करतात. पुढे वाद झाला तर तेच वाक्य त्यांच्याविरुद्ध पुराव्यात मांडलं जातं, आणि ते चुकून आलं हे पटवायची पाळी त्यांच्यावर येते. अशा दस्तात ‘माझ्या स्वकष्टार्जित उत्पन्नातून खरेदी केलेली मिळकत’ असं लिहून खरेदीखताचा नंबर आणि तारीख घालावी.