पिशवी जायच्या आधी आकडा

पोरा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. खानावळवाल्यानं मावशीला भर मंडईत विचारलं, "हजार दिले ते कुठं गेले?" आणि त्याच संध्याकाळी मावशीनं क्यूआरचा स्टँड उचलून फळीखाली सारला. आता तू मला विचारतोयस की उधारीचं अ‍ॅप बदलू का, की ही माणसंच नव्या गोष्टीला तयार नाहीत. दोन्ही नाही. अ‍ॅप बदलून काही होणार नाही, आणि कपिलतीर्थ मंडईतली माणसं तुझ्यामाझ्यापेक्षा व्यवहाराला पक्की आहेत.

मी काल मावशीजवळ तासभर बसलो आणि हिशेब उलगडला. खानावळवाल्यानं सोमवारी 420 ची भाजी नेली, बुधवारी 385 ची, शुक्रवारी 535 ची. एकूण 1,340. मावशीनं हे तिन्ही आकडे तुला रात्री सांगितले आणि तू ते फोनात भरले. इथवर ठीक. शनिवारी सकाळी गर्दीच्या वेळी तो आला, कोड स्कॅन केला, साउंडबॉक्सचा डबा बोलला, "एक हजार रुपये प्राप्त झाले." मावशी तेव्हा दुसऱ्या बाईला पोकळ्याच्या पेंड्या निवडून देत होती. तिनं मान हलवली, तो गेला. रात्री तुला सांगताना हे हजार तिच्या डोक्यात दिवसाच्या विक्रीत जमा झाले होते. सोमवारी तुझ्या अ‍ॅपनं आपणहून त्याला आठवण पाठवली: 1,340 बाकी.

आता मला सांग, त्यानं चिडू नये तर काय करावं?

तुझा समज असा होता की क्यूआरवर पैसे आले की उधारी आपोआप कमी होते. तसं होत नाही. कोडवरचे पैसे बँकेच्या खात्यात जातात. उधारीची यादी तुझ्या फोनात वेगळी बसलेली आहे. या दोघांची गाठ घालून देणारं मधे कुणी नाही, माणसानंच ती घालायची असते. आणि डबा फक्त आकडा सांगतो, कुणाचा ते सांगत नाही. तू नंतर खातं तपासलंस तेव्हाही तुला खानावळवाल्याचं नाव सापडलं नाही, कारण पैसे त्याच्या बायकोच्या खात्यातून आले होते. हे रोज घडतं. मुलाच्या फोनवरून, भावाच्या खात्यातून, कामाला असलेल्या पोराच्या नंबरवरून पैसे येतात. रात्री बसून खात्यातल्या नावांवरून उधारी जुळवायची म्हटलीस तर आठवडाभरात तू हात टेकशील.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: पिशवी हातातून सुटायच्या आधी आकडा दोघांच्या कानांवर पडला पाहिजे, आणि तिथंच लिहिला गेला पाहिजे. रात्री नाही, घरी गेल्यावर नाही.

मी उमेदीची सगळी वर्षं पतसंस्थेसाठी रोजची पिग्मी गोळा केली, हे तुला माहीत आहे. लक्ष्मीपुरी, कपिलतीर्थ, गंगावेस, फळी ते फळी. दहा रुपये असले तरी मी कार्डावर लिहून, आकडा मोठ्यानं वाचून, मग पुढच्या फळीकडे जायचो. बायका वैतागायच्या. "लिवा की मागनं, गिऱ्हाईक खोळंबलंय," म्हणायच्या. मी हललो नाही. पुढं ती पतसंस्था बुडाली. माझ्याकडच्या लोकांचे पैसेही अडकलेच, ते मी थांबवू शकलो नाही. पण त्यांच्या हातात रोजच्या नोंदीचं कार्ड होतं, अर्ज करताना दाखवायला कागद होता. मावशीच्या शेजारी एक आजी बसायची. तिचा एजंट दुसरा होता, तो "रात्री चढवतो" म्हणणारा. तिनं दिलेल्या कित्येक दिवसांची रक्कम कुठंच चढलेली नव्हती. ती आजी मला अजून आठवते. तेव्हा मला हट्टी म्हणणाऱ्यांना मी आजही तेच उत्तर देईन: मंडईत भरवसा तोंडाच्या आकड्यावर चालतो, आणि तो आकडा तिथल्या तिथं पक्का करावा लागतो.

तू मावशीला शिकवलंस ते मी पाहिलंय, आणि ते मनापासून शिकवलंस. पण तू तिला फोन शिकवत बसलास. स्क्रीन उघड, इथं दाब, हिस्ट्री बघ. तिला वाचता येत नाही, आकडे मात्र तिला तुझ्यापेक्षा चांगले येतात. काल मी फोनला हातच लावला नाही. एक शंभर पानी वही घेतली, दोरीनं वजनकाट्याला बांधली. उधारीच्या गिऱ्हाइकाला एक पान. खानावळीच्या पानावर तिनंच कढईचं चित्र काढलं, शाळेतल्या बाईंच्या पानावर पाटी. भाजी नेली की तारीख आणि आकडा डावीकडे, पैसे आले की तसंच उजवीकडे, आणि खाली राहिलेली बाकी. बस्स.

मग सराव केला. मी गिऱ्हाईक झालो. दोन पेंड्या मेथी तीस, अर्धा किलो वांगी तीस, पावशेर ढबू वीस. "ऐंशी झालं," ती म्हणाली. मी पन्नास स्कॅन केले आणि पिशवीला हात घातला. तिनं पिशवी धरून ठेवली. डबा बोलला, ती त्याच्यामागं बोलली, "पन्नास आलं, तीस ऱ्हायलं बघा," आणि लिहिलं. मग पिशवी सोडली. पोरा, एवढंच शिकायचं होतं.

डबा बोललाच नाही तर? हे तू तिला सांगितलं नव्हतंस. गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण पुरावा म्हणून चालत नाही. तसलं चित्र दाखवणारी खोटी अ‍ॅपं आहेत, आणि जुना स्क्रीनशॉटही तसाच दिसतो. आधी डबा चालू आहे का आणि त्याला रेंज आहे का ते बघायचं, मग आपल्या फोनात पैसे आलेत का ते. दोन्हीकडे नसतील आणि गिऱ्हाईक म्हणतंय माझ्या खात्यातून गेले, तर भांडायचं नाही आणि लगेच दुसऱ्यांदाही मागायचे नाहीत. त्याच्या पानावर उधारी म्हणून लिहायचं, बाजूला गोल करायचा, आणि मोठ्यानं म्हणायचं, "ऐंशी अडकलंय." त्याच्या फोनात त्या व्यवहाराचा बारा आकडी नंबर असतो, त्यातले शेवटचे चार आकडे गोलात टिपून ठेवायचे. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे: दुकानाच्या कोडवर दिलेले पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून गेले पण दुकानदाराला पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत जायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. म्हणजे आठवड्यात एक तर तुमच्याकडे आलेले असतील नाही तर त्याच्याकडे परत गेलेले. दोघांनी आकडा ऐकलेला असला की आठवड्यानं बोलायला तोंड राहतं.

एक गोष्ट मात्र मला खटकली आणि ती स्पष्टच सांगतो. कोड तुझ्या खात्याला जोडलेला आहे. सोयीचं होतं म्हणून केलंस, तुझ्या मनात खोट नाही, मला माहीत आहे. पण स्कॅन केल्यावर गिऱ्हाइकाला तुझं नाव दिसतं आणि तो दोनदा विचारतो. पहाटे शाहू मार्केट यार्डात सौद्याला जाताना मावशीला स्वतःचे पैसे तुझ्याकडे मागावे लागतात. तिचं खातं आहे. त्याला जोडलेला मोबाईल नंबर जुना आहे, म्हणून तुझं अडलं. मग शाखेत जा, अर्ज भर, नंबर बदलून घे. नवा नंबर आधारलाही जोडलेला असला तर डेबिट कार्ड नसतानाही आधारच्या ओटीपीवर यूपीआय पिन घेता येतो. आणि तिला एक वाक्य पाठ करून दे: पैसे येताना पिन लागत नाही, जाताना लागतो. कुणी "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणालं की फोन ठेवायचा.

आता आठवणीबद्दल. तू म्हणतोस लोकांना आठवण केली की राग येतो. राग येतो तो पहिल्यांदाच ऐकलेल्या आकड्याचा. जो आकडा फळीवर कानांवर पडलाय, तो पुन्हा ऐकताना माणूस एवढंच म्हणतो, "व्हय, द्यायचं ऱ्हायलंय." म्हणून अ‍ॅपची आपोआप जाणारी आठवण आजच बंद कर. कोणत्याही आठवणीच्या आधी वहीचं पान उघडून बाकी बघायची. मेसेज एकेकाला जाईल, ग्रुपवर कधीही नाही; एकाची उधारी दुसऱ्याला दिसली की ते गिऱ्हाईक परत येत नाही. वेळ दुपारी चारची, मंडई थंड असते तेव्हा. पगारदार माणसाला पगार झाल्यावर, खानावळवाल्याला सोमवारी, कारण रविवारचा धंदा त्याच्या हातात आलेला असतो.

आणि तो मेसेज तू लिहू नकोस. मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर बटण दाबून बोलू दे. काल तिनं बोलून बघितलं, ते असं: "दादा, कपिलतीर्थातनं मावशी बोलतोय. तेराशेचाळीसचा माल, शनवारी हजार आलं, तीनशेचाळीस ऱ्हायलं. सवडीनं द्या. उद्या गवारी कवळी येणाराय, ठेवू का?" माल किती, आले किती, राहिले किती, सगळं त्यात आलं. यातला एक शब्द मला बदलावासा वाटला नाही. त्याला तीनशेचाळीस मान्य नसतील तर तो तारीख विचारेल, आणि तारीख पानावर आहे.

हा मेसेज मी अजून पाठवू दिलेला नाही. आधी तू स्वतः खानावळीत जा. जेवणाची गर्दी ओसरल्यावर, वही घेऊन. त्याच्यासमोर पान उघड, हजार उजवीकडे लिहिलेले दाखव, 340 मोठ्यानं वाच आणि चुकीची आठवण गेली होती एवढं सांग. तिथं पैसे मागू नकोस. बाकीच्या गिऱ्हाइकांची फोनातली यादी रविवारी दुपारी घेऊन ये. मी मंडईत येतो, मावशीच्या आठवणीशी एकेक आकडा लावू आणि वहीत चढवू. जे जुळणार नाहीत ते गिऱ्हाईक फळीवर आल्यावर त्यालाच विचारायचे. तोवर एकही आठवण जाऊ देऊ नकोस, आणि स्टँड फळीखालून काढून काट्याच्या बाजूला ठेव.

तुझा,
काका