वहीभर ‘छान प्रयत्न!’ आणि गणित तिथेच

“ताई, मुलगी सहावीत आहे. बाई प्रत्येक गणिताखाली ‘छान प्रयत्न!’ लिहितात, पण मार्क वाढत नाहीत. हुशारीपेक्षा मेहनतीचं कौतुक करावं, असं मीही वाचलंय. मग ती ‘मी ढच आहे’ असं का म्हणते?”

मी वही मागवली. २/३ + १/४ चं उत्तर तिने ३/७ लिहिलं होतं. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. खालच्या सगळ्या बेरजांत हीच चूक होती आणि प्रत्येकीखाली एक स्टार. मी विचारलं, “बाईंना काय म्हणायचं असेल गं?” ती म्हणाली, “हुशार मुलांच्या वहीत चुका दाखवतात. मला येणारच नाही म्हणून मला स्टार देतात.”

मुलं अशीच ताडतात. नुसती शाबासकी मिळाली आणि चूक कुठे ते कुणी सांगितलं नाही, की आपल्याकडून कुणाला अपेक्षा उरलेली नाही, असा अर्थ ती काढतात.

१९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत, ‘हुशार आहेस’ ऐकलेली पाचवीची मुलं अवघड कोडी चुकल्यावर लवकर खचली, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. त्यावरून ‘बुद्धी वाढते असं मुलाला पटवा, मार्क वाढतील’ असा मोठा दावा उभा राहिला. पुढच्या मोठ्या चाचण्यांत तो बराच आक्रसला. इंग्लंडमध्ये १०१ शाळांतल्या सहावीच्या मुलांवर झालेल्या चाचणीत, २०१९ च्या अहवालानुसार, भाषा-गणितात काहीच जास्तीची प्रगती दिसली नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सुमारे १२,००० नववीच्या मुलांच्या अभ्यासात मागे पडलेल्यांचे सरासरी श्रेणीगुण जेमतेम ०.१ ने वाढले. फायदा आहे, पण लहान, तोही सगळ्यांना नाही. शिवाय या चाचण्या मानसिकता घडवणाऱ्या धड्यांच्या होत्या. वहीतल्या शेऱ्याला त्यांचा आधार नाही. न शिकलेल्या मुलाची समजूत घालायला मेहनतीचं कौतुक वापरू नका, असं खुद्द ड्वेक यांनीच २०१५ मध्ये शिक्षकांना बजावलं होतं.

म्हणून मी स्टार बाजूला ठेवला आणि कागदाची पट्टी घेतली. २/३ भाग रंगवायला लावला, मग तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या पट्टीवर ३/७. दोन्ही शेजारी ठेवल्यावर ती थबकली. “मिळवल्यावर कमी कसं झालं?” हा प्रश्न तिचा होता. तिथून समच्छेद करणं आलं: ८/१२ + ३/१२ = ११/१२.

आईला मी सांगितलं, बाईंशी भांडू नका, ‘ती नेमकी कुठल्या पायरीवर अडते?’ एवढंच विचारा. बाईंनी मनावर घेतलं. पुढच्या वेळी शेरा आला: “लसावि बरोबर. अंशाला गुणायचं राहिलं. हे गणित पुन्हा कर.” मुलीने ते पुन्हा केलं. वजाबाकीत ती अजून चुकते, पण आता कुठे चुकलं ते बाईंना स्वतःहून विचारते.