झोपेत ऑक्सिजन सारखा का पडतो?

प्रश्न: सोलापुरात वडिलांची स्लीप स्टडी केली, ऑक्सिजन रात्रभर 95 वरून 82 ला पडतो नि परत वर येतो, फुफ्फुसं तर चांगली आहेत म्हणे, मग असं का?

बहुतेक झोपेत त्यांचा घसा बंद होतोय म्हणून. मी इथंच स्लीप स्टडीचे ग्राफ बघतो, त्यात हेच दिसतं: झोप लागली की जिभेचे, टाळूचे स्नायू सैल पडतात आणि श्वास ओढताना आत दाब कमी झाल्यानं घसा ओल्या स्ट्रॉसारखा चिकटतो, छाती-पोट हलत राहतं पण हवा आत जातच नाही, फुफ्फुसातला साठा संपत येतो. मग मेंदू अर्धवट जागा होतो, स्नायू ताठरतात, मोठ्यानं घोरून श्वास सुटतो, परत झोप लागते नि परत तेच. बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा थोडा उशिरा पडतो, सगळ्यात खाली जातो तो बहुधा श्वास सुरू झाल्यावर. मात्र ऑक्सिजन वरखाली न होता सलग कमीच राहिला तर कारण वेगळं असू शकतं, ते डॉक्टरांना नक्की विचारा.